धड्यातली माणसे कोणती तमिळ बोलतील?

मराठीत बोलणे आणि लिहिणे यांतले अंतर फार नाही. ‘मी असं केलं’ हे वाक्य निवेदनात ‘मी असे केले’ होते, आणि पात्राच्या तोंडी ते उच्चाराप्रमाणे लिहायला साहित्य महामंडळाच्या नियमांची मुभाही आहे. मुळशीतल्या मालेसारख्या गावातले पोर घरी ‘न्हाय’, ‘व्हतं’ म्हणते आणि पुस्तकात ‘नाही’, ‘होते’ वाचते. चार-सहा महिन्यांत त्याला ते सरावाचे होते. धारावीतल्या तमिळ माध्यमाच्या महापालिका शाळेत बसणाऱ्या मुलाचे तसे नाही. त्याच्या घरची तमिळ आणि पुस्तकातली तमिळ यांत क्रियापदे, प्रत्यय आणि कधी कधी शब्दही वेगळे असतात. म्हणून पाठ्यपुस्तकासाठी संवाद लिहून घेणाऱ्या संपादकापुढे खरा पेच असतो: हा संवाद बोलीत ठेवायचा की ग्रांथिक तमिळमध्ये उतरवायचा?

दोन ओळींचा संवाद घेऊ. मुलगा विचारतो, “पाट्टी वीट्टुल इरुक्काङ्गळा?” म्हणजे आजी घरी आहेत का? आई सांगते, “इल्ल, नाळैक्कु वरेन्नु सोन्नाङ्ग.” नाहीत, उद्या येते म्हणाल्या. पहिली ओळ ग्रांथिक करणे तसे सोपे: ‘वीट्टुल’चे ‘वीट्टिल्’ आणि ‘इरुक्काङ्गळा’चे ‘इरुक्किऱारा’. दुसऱ्या ओळीत मात्र अडायला होते. ‘सोन्नाङ्ग’ हे रूप बोलीत अनेकांसाठी येते, तसेच एकट्या आदरणीय बाईसाठीही. ग्रांथिकात एकीसाठी ‘सोन्नार्’ आणि अनेकांसाठी ‘सोन्नार्गळ्’. प्रत्ययाला प्रत्यय लावत गेले तर ‘सोन्नार्गळ्’ लिहून होते आणि घरातले सगळेच काहीतरी म्हणाले असा अर्थ निघू शकतो. उत्तर त्याच वाक्यात आहे. ‘वरेन्’ म्हणजे ‘मी येते’. अनेकजण असते तर ‘वरोम्’ आले असते. तेव्हा ‘सोन्नार्’.

‘वरेन्’मध्ये आणखी एक गाठ आहे. बोलीत हेच रूप ‘येते’ आणि ‘येईन’ दोन्हींचे काम करते. ग्रांथिकात ‘वरुगिऱेन्’ वर्तमानाचे आणि ‘वरुवेन्’ भविष्याचे. कुठले घ्यायचे ते ठरवावेच लागते. ‘उद्या’ शब्द असल्यामुळे ‘वरुवेन्’ सरळ वाटते, पण नक्की येणार असा भरवसा ‘वरुगिऱेन्’मध्येही व्यक्त होतो. शिवाय ‘म्हणून’ या अर्थाचा ‘नु’ क्रियापदाला चिकटलेला असतो, तो सुटा करून ‘एन्ऱु’ लिहावा लागतो. म्हणजे “इल्लै, नाळै वरुवेन् एन्ऱु सोन्नार्”. हे शुद्ध आहे. पण कुठलीही आई स्वयंपाकघरातून असे बोलत नाही.

बोली ठेवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथे पक्का आहे. मुलाला वाचता येऊ लागते ते ऐकलेल्या भाषेच्या आधाराने, आणि धड्यातली आई त्याच्या आईसारखी बोलली तर तो आधार मिळतो. तमिळ साहित्याने हे केव्हाच मानले आहे. पुदुमैप्पित्तन यांनी पात्रांच्या तोंडी तिरुनेलवेलीची बोली घातली, कि. राजनारायणन यांनी करिसल भागातल्या बोलीत कथा तर लिहिल्याच, तिचा शब्दकोशही केला.

तरी एकच प्रश्न मला अडवतो: कोणाची बोली? धारावीतली कित्येक तमिळ कुटुंबे तिरुनेलवेलीकडून आली, सगळी नव्हेत. तमिळ बोली जिल्ह्यागणिक बदलते, तशी जातीगणिकही. घराला आणि ‘ते लोक’ यांना ब्राह्मण घरातले शब्दच निराळे. छापील पुस्तकाने एक बोली उचलली की बाकीच्या मुलांची बोली चुकीची ठरते. ग्रांथिक तमिळ कोणाच्याच घरी बोलली जात नाही, आणि म्हणूनच ती शिकताना सगळी मुले एका रेषेवर असतात. परीक्षेचा पेपर आणि वर्तमानपत्रातला बहुतेक मजकूर त्याच भाषेत येणार आहे.

दोन्ही बाजू तोलून मी ग्रांथिकाकडे झुकतो, पण एका अटीवर. रूपे ग्रांथिक असावीत, वाक्याची चाल बोलण्याची असावी. आधीच्या ओळीवरून कळणारा कर्ता पुन्हा लिहू नये, वाक्ये तुटक ठेवावीत, संस्कृत शब्द भरू नयेत. “आजी उद्या येणार असल्याचे त्यांनी सांगितले” या थाटाची तमिळ आईच्या तोंडी आली की धडा बिघडला असे समजावे. तपासायची रीत सोपी आहे: संवाद मोठ्याने वाचून घ्यावा आणि ऐकणाऱ्याला कोण बोलते आहे ते विचारावे.

दहावीपर्यंत पोचलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. तमिळनाडूच्या दहावीच्या पुस्तकात बोलीतला संवाद ग्रांथिकात लिहून काढण्याचा स्वाध्याय असतो, आणि तो योग्य जागी आहे, कारण त्या वयात ‘सोन्नार्’ का आणि ‘सोन्नार्गळ्’ का नाही याचे कारण सांगता येते. गुण त्या कारणालाही द्यावेत. मूळ लेखकाने बोलीत लिहिलेली कथा धड्यात घ्यायची असेल, तर तिला मात्र हात लावू नये. खाली चार शब्दांचे अर्थ द्यावेत आणि कथा लेखकाच्या भाषेतच छापावी.