काढणीआधीच ठरलेला भाव : ‘हेजिंग’ म्हणजे नेमकं काय?

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या पायथ्याचा एक सोयाबीन उत्पादक डोळ्यांसमोर आणा. गोष्ट रचलेली आहे, त्याच्या सौद्याचे आकडेही समजण्यापुरते. पण साल खरं आहे, २०२१.

त्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. त्याचं पीक मात्र अजून शेंगा भरण्याच्या अवस्थेत. वीस क्विंटल होईल हा अंदाज, खर्च चाळीस हजार. त्यानं व्यापाऱ्याशी दहा क्विंटलचा लेखी सौदा केला : दसऱ्यानंतर माल, भाव सहा हजार. शेजारी हसले. दहाचा माल सहाला?

पण ऑगस्टचा भाव जुन्या, संपत आलेल्या मालाचा होता. नवीन पीक सगळीकडून एकदम बाजारात येतं तेव्हा चित्र वेगळं असतं. ऑक्टोबरमध्ये भाव पाच हजारांच्या आसपास आला.

दरम्यान सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीनं मराठवाड्याला झोडपलं. त्याच्या पदरात वीसऐवजी चौदा क्विंटल पडले. दहा क्विंटलचे साठ हजार, उरलेल्या चारचे वीस हजार, एकूण ऐंशी. सौदा नसता तर सत्तर.

हे दहा हजार म्हणजे हेजिंगची कमाई, असं समजणं चूक. भाव आठ हजारांवर गेला असता तर बांधलेल्या दहा क्विंटलवर त्याला वीस हजार सोडावे लागले असते. हेज म्हणजे कुंपण. कुंपणानं पीक वाढत नाही, जनावर आत येत नाही इतकंच. अर्ध्या मालात त्याचा सगळा खर्च निघत होता आणि ती रक्कम त्यानं ऑगस्टमध्येच पक्की केली होती.

खरं शहाणपण ‘अर्ध्या’तच होतं. कुंपण भावाला घातलं होतं, पावसाला नाही. वीसच्या वीस क्विंटल बांधले असते तर कमी पडलेले सहा बाजारातून विकत आणून द्यावे लागले असते. भाव आठ हजार असता तर त्यात क्विंटलमागे दोन हजारांचा खड्डा, म्हणजे बारा हजार खिशातून. शिवाय भिजलेला माल डागी निघतो. ओलावा किती चालेल (बाजारात साधारण १२ टक्के धरतात) आणि डागी दाण्याला किती कपात, हे सौद्यात लिहिलं नसेल तर ठरलेला सहा हजारांचा भाव काट्यावर पाच होतो.

भाव पडल्यावर व्यापारीच फिरला तर? म्हणून इसार आधी घ्यायचा, पावतीसह. वायदे बाजारात ही हमी एक्स्चेंज देतं. मात्र ‘सेबी’नं डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे थांबवले आणि त्या बंदीला पुढे वारंवार मुदतवाढ मिळाली. वायदे बंद असतील तेव्हा अशा शेतकऱ्याच्या हाती उरतो तो कागदावरचा सौदा, आणि समोरच्या व्यापाऱ्याची बाजारातली पत.