बाकी पैशांचा मेसेज नीट लिहा : घरोघरी काम करणाऱ्या कारागिरांना जाहीर आवाहन

प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी बांधवांनो आणि भगिनींनो,

मी बावीस वर्षं पुण्यात प्लंबिंगची कामं करतो. काम झाल्यावर बाकी राहिलेले पैसे मागायचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज कसा लिहावा, एवढंच आज सांगायचं आहे. ते शिकायला मला एक काम पुरलं.

एका काकूंच्या बाथरूममध्ये भिंतीतला डायव्हर्टर गळत होता. दोन टाइल फोडून तो बदलला, टाइल परत बसवल्या. अ‍ॅडव्हान्स वजा जाता 3,550 रुपये राहिले. चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला मी मेसेज टाकला : ‘पेमेंट बाकी आहे, लवकर करा.’ निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दोन दिवसांनी नुसती दोन प्रश्नचिन्हं पाठवली. तरीही काही नाही. मी मनात धरून बसलो.

फोन केल्यावर उलगडा झाला. पैसे काकू पाठवत नव्हत्या, त्यांचा बंगळुरूचा मुलगा पाठवणार होता. काकूंनी माझा मेसेज त्याला पुढे पाठवला होता. त्यात ना कामाचं नाव, ना रक्कम. त्याने आईला विचारलं, आईला अ‍ॅडव्हान्स किती दिला ते आठवेना. अखेर रक्कम कळल्यावर तो पाठवायला बसला, तर स्क्रीनवर माझं नाव न दिसता माझ्या बायकोचं दिसलं, कारण नंबर तिच्या खात्याला जोडलेला आहे. फसवणूक असेल म्हणून तो थांबला. त्याचं चुकलं नाही. सगळी चूक माझ्या मेसेजची होती.

आपलं काम बघणारा एक असतो आणि पैसे देणारा दुसरा, हे घराघरात आहे. म्हणून मेसेज असा हवा, की ज्याने काम पाहिलंच नाही त्यालाही एका वाचनात सगळं कळावं. आता मी असं लिहितो :

‘नमस्कार काकू, मी प्लंबर (इथे माझं नाव). 12 तारखेला तुमच्या बाथरूमचा डायव्हर्टर बदलला. सामान 3,850, मजुरी 2,500, टाइल बसवणं 1,200, एकूण 7,550 रुपये. अ‍ॅडव्हान्स 4,000 मिळाले, बाकी 3,550. बिलाचा फोटो खाली आहे. पैसे याच नंबरवर यूपीआयने पाठवता येतील, नाव माझ्या पत्नीचं दिसेल (इथे तिचं नाव). गळती पूर्ण थांबली आहे ना? काही राहिलं असेल तर सांगा, येऊन बघतो. सोयीने कळवावं, धन्यवाद.’

यातला गळतीचा प्रश्न शोभेसाठी नाही. भिंतीआडचा सांधा पाझरत असेल तर टाइलच्या फटीत ओल दिसायला दोन-चार दिवस लागू शकतात. गिऱ्हाईक कधीकधी त्याचीच वाट बघत पैसे थांबवतं आणि संकोचाने बोलत नाही. म्हणून पहिला मेसेज चौथ्या दिवशी, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला पाठवा. ‘ओल दिसतेय’ असं उत्तर आलं, तर आधी जाऊन बघा. पैशांचं बोलणं त्यानंतर.

उत्तर नाही आलं तर आठवड्याने तोच मेसेज पुन्हा पाठवा, वर फक्त ‘आठवण करून देतो’ एवढं लिहा. त्यानंतर मेसेज नको, फोन करा. सोसायटीच्या ग्रुपवर कोणाच्या बाकीचा विषय काढू नका, तिथे माणूस दुखावतो आणि पुढचं कामही जातं. पैसे मागण्यासाठी कसलीही लिंक पाठवू नका. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि पाठवणाऱ्याने आपला पिन कोणालाही सांगायचा नसतो. भामटे नेमक्या याच वाटेने येतात, म्हणून लोक आता सावध झालेत. साधा नंबर आणि स्क्रीनवर दिसणारं नाव दिलं की त्यांची शंका फिटते.

पैसे आले की त्याच दिवशी ‘3,550 मिळाले, हिशेब पूर्ण’ असं लिहून टाका. पुढे कोणी विचारलं तर तीच पावती.

घरमालक काका-काकू, ताई-दादा, तुमच्याकडेही एक मागणं आहे. सामान आम्ही बहुतेकदा हार्डवेअरच्या दुकानातून उधारीवर आणतो आणि ती आधी फेडावी लागते. लगेच जमत नसेल तर रागावणार नाही, पण ‘शुक्रवारी पाठवतो’ एवढं एक उत्तर द्या. आणि काम पटलं नसेल तर गप्प राहू नका, तसं स्पष्ट लिहा. आम्ही येऊन बघू.