पोस्टर वाचायला किती सेकंद मिळतात?

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान सुरू झाले की वडगाव मावळ, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला नवे फलक दिसू लागतात. वेग आवरा, सीटबेल्ट लावा, मोबाइल बाजूला ठेवा, उतारावर सांभाळा, असे सांगणारे. फलकाचा मजकूर ठरतो तो टेबलावर. हातभर अंतरावर कागद धरून, नाही तर मोबाइलच्या पडद्यावर बघून तो पास केला जातो. वाचायचा असतो मात्र पन्नास-शंभर मीटरवरून, धावत्या गाडीतून आणि वाहतुकीवरची नजर न हटवता. टेबलावर वाचता आला म्हणजे रस्त्यावर वाचता येईल, हे गृहीतक बहुतेक वेळा चुकते. आणि ते चुकले आहे की नाही, हे फलक छापण्याआधीच मोजता येते.

आधी डोळ्याचे गणित पाहू. डोळे तपासताना भिंतीवर जो तक्ता असतो, त्यातले ‘६/६’ ओळीचे अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंच असते आणि निरोगी डोळा ते ६ मीटरवरून ओळखतो. त्याच हिशोबाने १० सेंटिमीटरचे अक्षर जवळपास ६९ मीटरवरून ओळखता यायला हवे. पण तक्त्यासमोर माणूस स्थिर बसलेला असतो, उजेड पुरेसा असतो आणि एकेका अक्षरावर थांबायला वेळ असतो. तो डोळ्याचा शेवटचा टप्पा झाला, सहज वाचनाचा नव्हे.

रस्त्यावरचा व्यवहार्य आकडा आपल्याच नियमांत दडलेला आहे. वाहन परवान्याच्या अर्जासोबत जी शारीरिक क्षमतेची घोषणा करावी लागते, त्यात एक प्रश्न असतो : चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का? मोटारीच्या नंबरप्लेटवरील अक्षरांची उंची नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर असते. साडेसहा सेंटिमीटरच्या अक्षराला २५ मीटर, म्हणजे अक्षराच्या प्रत्येक सेंटिमीटर उंचीला पावणेचार मीटरच्या थोडे वर. अमेरिकेच्या रस्ता-चिन्हांच्या नियमावलीने २००९ मध्ये एक इंच अक्षराला ३० फूट हे प्रमाण धरले. ते सेंटिमीटरला ३.६ मीटर येते. दोन्ही आकडे जवळजवळ एकच आहेत. परवाना मिळण्याइतपत दृष्टी असलेल्या चालकासाठी फलक करायचा, तर हेच माप धरायला हवे. १० सेंटिमीटरचे अक्षर त्याला साधारण ३८ मीटरवरून वाचता येईल, त्याआधी नाही.

आता दुसरी बाजू. अक्षर वाचता येऊ लागते त्या क्षणापासून गाडी फलकाशी पोहोचेपर्यंत सगळा वेळ वाचनासाठी मिळतो, असे वाटते. तसे नसते. फलक रस्त्याच्या कडेला असतो. गाडी जवळ जाते तसा तो नजरेच्या रेषेपासून बाजूला सरकत जातो. हा कोन साधारण १० अंशांपेक्षा वाढला, की वाचण्यासाठी समोरच्या रस्त्यावरून नजर काढून घ्यावी लागते. डोळ्याचा जो मधला भाग बारीक तपशील पाहू शकतो, तो जेमतेम दोन अंशांचा असल्याने दोन्हीकडे एकदम बघता येत नाही. अमेरिकेत शंभर मोटारींत कॅमेरे बसवून झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात आढळले, की एकूण दोन सेकंदांहून जास्त नजर रस्त्यावरून हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका दुप्पट होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून वाचन संपायला हवे ते दहा अंशांच्या आत.

बोरघाटाचेच उदाहरण घेऊ. पुण्याकडून मुंबईकडे जाताना खंडाळ्यानंतर मोठा उतार लागतो. डिझेल वाचवण्यासाठी ट्रक न्यूट्रलमध्ये सोडला, की इंजिनाची अडवणूक संपते, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरेनासे होतात. समजा, हे टाळण्यासाठी घाटाच्या तोंडाशी तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच फलक लावला. त्यावर लिहिले : ‘पुढे तीव्र उतार असल्याने सर्व वाहनचालकांनी आपले वाहन न्यूट्रलमध्ये न टाकता कमी गिअरमध्ये चालवावे’. शब्द चौदा. वर मान्यवरांची छायाचित्रे, खाली संस्थांची बोधचिन्हे. उरलेल्या जागेत अक्षरे १० सेंटिमीटरची बसली.

ट्रक डावीकडच्या मार्गिकेत ताशी ४० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ११ मीटर चालला आहे. त्याच्या रेषेपासून फलक सहा मीटर बाजूला आहे. दहा अंशांची मर्यादा इथे ३४ मीटरवर येते. अक्षर वाचता येऊ लागते ३८ मीटरवर. मधल्या चार मीटरला अर्धा सेकंदही लागत नाही. चालत्या गाडीतून फलकावरचे शब्द सेकंदाला साधारण तीन वाचले जातात आणि फलक शोधून त्यावर नजर स्थिर व्हायला एक सेकंद लागतो. चौदा शब्दांना पावणेसहा सेकंद हवेत. चालकाला मिळालेल्या वेळात फक्त ‘काहीतरी फलक होता’ एवढेच कळते. मधल्या मार्गिकेतल्या मोटारीचे तर आणखी अवघड. तिच्यापासून फलक नऊ मीटर बाजूला, म्हणजे मर्यादा ५१ मीटरवर. अक्षरे वाचण्याजोगी होण्याआधीच फलक नजरेच्या टप्प्याबाहेर गेलेला असतो.

अक्षरे मोठी करून हे सुटेल का? त्या ट्रकचालकाला पावणेसहा सेकंद द्यायचे, तर वाचन ९७ मीटरवरून सुरू व्हायला हवे आणि त्यासाठी २५ सेंटिमीटरचे अक्षर लागते. तेवढ्या अक्षरांत चौदा शब्द पाच-सहा ओळी घेतील. मात्रा-वेलांट्यांसह एक ओळ जवळपास अर्धा मीटर होते. छायाचित्रे काढून टाकली तरी दोन मीटर उंचीत हा मजकूर मावत नाही.

शब्द कमी केले की मात्र चित्र पालटते. ‘उतारावर न्यूट्रल नको’. तीन शब्द, दोन सेकंद. ट्रकला वाचन ५६ मीटरवर सुरू झाले तरी पुरते आणि अक्षर १५ सेंटिमीटरचे चालते. त्याच फलकावर तीन ओळींत ही अक्षरे आणखी मोठी करता येतात, म्हणजे पावसाळ्यासाठी काही राखीव हाती राहते. चालक मराठी वाचणारा असेलच असे नाही, म्हणून शेजारी उतारावरच्या ट्रकचे चित्र हवे. साधे, ठळक चिन्ह शब्दांपेक्षा साधारण दुप्पट अंतरावरून ओळखू येते.

देवनागरीची एक वेगळी अडचण आहे. रोमन मोठ्या अक्षरांची उंची म्हणजे पूर्ण अक्षर. आपल्याकडे वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये अक्षराचे अंग. संगणकावर दिसणारी ओळीची उंची या सगळ्यांची मिळून असते. वरचे हिशोब शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच्या उंचीला लागू होतात. ओळ २० सेंटिमीटरची आहे म्हणून समाधान मानले, तर प्रत्यक्ष अंग १०-१२ सेंटिमीटरचेच निघते. शिवाय ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक एका छोट्या फटीचा किंवा गाठीचा. दुरून, विशेषतः जाड आणि नक्षीदार अक्षरांत, तीच आधी बुजते. जोडाक्षरे तर डागासारखी दिसतात. साधे, मोकळे वळण, अक्षरांत थोडे जादा अंतर आणि पिवळ्यावर काळे किंवा पांढऱ्यावर काळे, हे चालते. निळ्यावर लाल चालत नाही. दोन्ही रंग गडद असल्याने उजेड कमी होताच ते एकमेकांत मिसळतात.

चालत्या गाडीतून वाचता येणारा मजकूर कसा असतो, याचे उदाहरण याच घाटात होते. खंडाळ्याजवळचा ब्रिटिशकालीन पूल त्यावरच्या वेदनाशामक बामच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणूनच ओळखला गेला. एप्रिल २०२० मध्ये तो पाडला, तरी नाव टिकले. एकच शब्द आणि तोही कडेला नव्हे, तर चालकाच्या थेट समोर.

फलकाची चाचणी घ्यायला यंत्र लागत नाही. तीन मीटर रुंद फलकाचा नमुना ए-फोर कागदावर आडवा छापला, की तो जवळपास दहापट लहान होतो. मग अंतरही दहापट कमी करायचे. रस्त्यावरचे ६० मीटर म्हणजे दालनातले ६ मीटर. कागद झाकून ठेवायचा, दोन सेकंद दाखवायचा, पुन्हा झाकायचा. समोर असा माणूस हवा, ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही. मजकूर ठाऊक असलेल्याला तो नेहमीच वाचता येतो. फलक तयार करणारे आणि मंजूर करणारे या चाचणीला बाद ठरतात, ते याच कारणाने. ‘वाचता आले का?’ असे न विचारता ‘काय करायला सांगितले आहे?’ असे विचारायचे. दहा जणांत दोघे साठीपुढचे आणि एखादा रोज ट्रक चालवणारा असावा. दहांपैकी आठ-नऊ जणांना कृती सांगता आली नाही, तर शब्द कमी करायचे आणि नव्या माणसांना दाखवायचे.

कागदावर उतरलेला फलक मग रस्त्यावर तपासायचा. वाचणारा सहप्रवासी असावा, चालक कधीच नव्हे. द्रुतगती मार्गावर थांबून अंतर मोजायला परवानगी नसते. त्यामुळे गाडी चालू असतानाच सहप्रवाशाने मजकूर कळला त्या क्षणी सांगायचे आणि तिथून फलक मागे पडेपर्यंतचे सेकंद दुसऱ्याने मोजायचे. हे एकदा दिवसा, एकदा रात्री आणि शक्य असेल तर पावसात करावे. साध्या फ्लेक्सवर हेडलाइटचा उजेड रस्ता-चिन्हांसारखा परत फिरत नाही. दिवसा ठसठशीत दिसणारा फलक रात्री काळा चौकोन होतो. लोणावळ्याच्या जुलै-ऑगस्टमधल्या धुक्यात तर वरचे सगळे आकडे निम्म्यावर येऊ शकतात. मोतीबिंदू सुरू झालेल्या चालकाला हा फटका आधी बसतो. तक्त्यावर त्याची नजर ठीक येते, पण फिक्या रंगातला फरक त्याला दिसत नाही.

वाचला गेलेला फलक पाळला जाईलच, असे नाही. ती वेगळी चाचणी आहे आणि तिचे उत्तर वेग मोजून मिळते. २०१६ मध्ये द्रुतगती मार्गावर अपघातांत १५१ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ उपक्रमाने कठडे, अडथळे, अंमलबजावणी, तातडीचे उपचार अशा अनेक बाजूंनी काम केले. २०२४ पासून वेग टिपणारे कॅमेरेही आले. या सगळ्यात फलकाचा वाटा लहान आहे. पण न वाचता येणाऱ्या फलकाचा वाटा शून्याहूनही कमी असू शकतो, कारण तो वाचण्याच्या प्रयत्नात चालकाची नजर रस्त्यावरून हटते. यंदाच्या अभियानाचे फलक छापायला जाण्याआधी कागद सहा मीटरवर धरून दोन सेकंद दाखवायला पाच मिनिटे पुरतील.