झोन कमी म्हणून निर्धास्त? किल्लारीचा झोन आठवा!

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हा भूकंप नकाशात ती सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होती. २००२ मध्ये झोन १ रद्द झाला आणि हा परिसर झोन ३ मध्ये गेला. तोही हजारो बळींनंतर.

झोनवरून भूकंप कधी होईल हे कळत नाही. इमारत किती हादरा गृहीत धरून बांधायची, ते कळते. २००२ च्या नकाशात मुंबई-पुण्याला झोन ३ चा ०.१६ गुणांक आहे, तर कोयनेला झोन ४ चा ०.२४. म्हणजे तशीच इमारत कोयनेत दीडपट आडवे बल धरून डिझाइन करावी लागते.

मात्र तुमचा प्लॉट खडकावर आहे की भरावावर, हे नकाशात दिसत नाही. बिल्डरकडे माती परीक्षणाचा अहवाल मागा.