स्वप्नात एकच बूट



मागच्या महिन्यात बसवकल्याणला एका साखरपुड्यात आम्ही पाच-सहा निवृत्त लोक एका टेबलाला बसलो होतो. शुगर, गुडघे, पेन्शन असे नेहमीचे विषय झाल्यावर एकजण हळूच म्हणाले, "साहेब, मला हल्ली स्वप्नात अंगातला शर्ट फाटका दिसायलाय. मागून पार उसवलेला, अन् लोक बसलेले." दुसरे लगेच म्हणाले, त्यांच्या चपला देवळाबाहेर हरवतात आणि ते अनवाणी शोधत फिरतात. तिसऱ्यांची पॅन्ट आखूड होते, घोट्याच्या वर. सगळे हसले. मीही हसलो, पण माझं सांगितलं नाही. ते आज इथे सांगतो.

त्याआधी शर्टवाल्यांचं ऐका. त्यांनी एका स्वप्नफळाच्या पुस्तकात बघितलं तर "फाटके वस्त्र : धनहानी" असं लिहिलेलं. तेव्हापासून ते शनिवारी मारुतीला तेल वाहतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मुलीला घरासाठी द्यायचं कबूल केलेले पैसे त्यांनी अडवून धरलेत, "सध्या काळ बरा नाही" म्हणून. मुलगी तिकडे बिल्डरच्या हप्त्याला तोंड देतेय. पस्तीस वर्षं बँकेत घालवलेल्या माणसाला हे ऐकवत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

पुस्तकातली ही समजूत मात्र कालपरवाची नाही. अग्निपुराणात आणि मत्स्यपुराणात वाईट स्वप्नांची यादीच आहे, तीत उघडं असणं आणि मळके कपडे अंगावर असणं दोन्ही सापडतं. कोणत्या प्रहरातलं स्वप्न किती दिवसांनी फळतं तेही तिथं आहे : पहिल्या प्रहरातलं वर्षाने, शेवटच्या प्रहरातलं पंधरा दिवसांत, अगदी सूर्योदयाचं दहा दिवसांत. आमची माय म्हणायचीच, पहाटेचं स्वप्न खरं होतं. यातली फळाची गोष्ट बाजूला ठेवा, पण पहाटेचं निरीक्षण चुकीचं नाही. झोपेत साधारण दर दीड तासाने एक टप्पा येतो, त्यात डोळे पापणीखाली हलत असतात आणि ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्याच वेळी पडतात. रात्र सरत जाते तसा हा टप्पा लांबतो. पहाटे तो सगळ्यात मोठा, आणि त्यातून आपण थेट जागे होतो, म्हणून पहाटेचं स्वप्न लक्षात राहतं. जे लक्षात राहिलं ते खरं वाटतं.

आता माझं. मी शाखेत उभा आहे. इन्स्पेक्शन चालू आहे. अंगात शर्ट, टाय, सगळं ठाकठीक. खाली बघतो तर एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात टायरची चपला, तीसुद्धा अंगठा तुटून सेफ्टी पिन लावलेली. स्ट्राँगरूम उघडायची वेळ झालीय. ती दोन चाव्यांशिवाय उघडत नाही, एक माझ्याकडे, एक हेडकॅशियरकडे. तो हाक मारतोय. मला जायचंय, पण पाय उचलत नाही, कारण चाललो की चपला फटक-फटक वाजणार. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, चावी कधीच देऊन टाकली, तरी हे स्वप्न वर्षातून तीन-चारदा येतंच.

या प्रकारच्या स्वप्नांवर जुनं आणि नीट लिहिलेलं सापडतं ते व्हिएन्नाच्या फ्रॉइड डॉक्टरांचं, १९०० साल छापलेल्या त्यांच्या स्वप्नांवरच्या पुस्तकात. उघडं असण्याचं किंवा अपुऱ्या कपड्यांचं स्वप्न अनेकांना पडतं, असं त्यांनी नोंदवलं. त्यातल्या दोन गोष्टी मला फार नेमक्या वाटल्या. एक म्हणजे, ज्याने सैन्याचा गणवेश घातला आहे तो स्वप्नात बहुतेक उघडा नसतो, त्याच्या गणवेशात चूक असते. रस्त्यात तलवारीशिवाय चाललोय आणि समोरून अधिकारी येतायत, किंवा गळपट्टी नाही, किंवा साधी चौकड्याची पॅन्ट घातलीय. म्हणजे ज्या जागी आपली इभ्रत टांगलेली, नेमकं तेच स्वप्नात गळून पडतं. शिपायाची तलवार जाते, बँकवाल्याचा बूट जातो. आमच्या भागातल्या जुन्या पिढीला बहुतेक शेरवानीची गुंडी तुटलेली दिसत असणार, निजामाच्या दरबारात दस्तार डोक्यावर असल्याशिवाय कुणाला पाऊल टाकता येत नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फ्रॉइड म्हणतात, अशा स्वप्नात आपण लाजेने मरत असतो, पण भोवतालचे लोक मात्र काहीच बोलत नाहीत. त्यांचे चेहरेसुद्धा धड दिसत नाहीत. हे वाचून मी थांबलो आणि माझं स्वप्न आठवून पाहिलं. खरंच, इन्स्पेक्टर कागदात डोकं घालून बसलेला असतो. हेडकॅशियर चावीसाठी हाक मारतो, चपलेचं नाव काढत नाही. काउंटरवरचे लोक पासबुक धरून उभे. चपलेकडे बघणारा अख्ख्या शाखेत मी एकटा. तुम्हीही तुमचं स्वप्न असं तपासून पाहा.

पुढे याचं कारण ते लहानपणी उघडं हुंदडण्याच्या मजेत नेऊन शोधतात, ते काही मला पटत नाही. अंगावरचं पांघरूण घसरलं की उघडं असल्याचं स्वप्न पडतं, असंही त्यांच्या आधीच्या काही लोकांनी लिहून ठेवलंय. बिदरच्या डिसेंबरात ते शक्य आहे. पण मग थंड पायाला टायरचीच चपला का दिसावी?

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. ती चपला आमच्या अण्णांची.

साल १९७६. मी बी.कॉम. होऊन बँकेत लागून दोन वर्षं झाली होती, गुलबर्ग्याला पोस्टिंग. घराण्यात टाय लावणारा मीच पहिला. एका दुपारी, कॅश टॅली करायच्या वेळी, अण्णा शाखेत आले. धोतर, डोक्याला रुमाल, कोपराला विरलेला काळा कोट आणि पायात तीच पिन लावलेली चपला. भालकीहून बसने आले होते, हातात पिशवीभर ज्वारीचा हुरडा, माझ्यासाठी. बाजूच्या टेबलावरचा सहकारी, चांगला घरचा माणूस, त्याने सहज विचारलं, "कोण?" आणि मी म्हणालो, "गावाकडचे आहेत."

अण्णा ऐकत होते. त्यांनी पिशवी टेबलाखाली ठेवली, "काम कर तू, बसायलोय मी भाईर" म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. संध्याकाळी घरी नेलं, जेवलो, सकाळी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. त्या एका शब्दाबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. १९९१ला ते गेले.

बँकेत एखाद्या रकमेचं खातं सापडलं नाही की ती सस्पेन्समध्ये टाकतात. ती पुसली जात नाही, दर इन्स्पेक्शनला वर येते. माझी ही नोंद तशी पडून आहे, आणि माझ्या स्वप्नात इन्स्पेक्शनच का चालू असतं हे मला फार उशिरा कळलं.

त्या सहकाऱ्याला मी पुढे, दोघंही रिटायर झाल्यावर, हे विचारलं. त्याला काहीच आठवत नव्हतं. कोट नाही, चपला नाही. हुरडा मात्र आठवत होता, सगळ्यांनी वाटून खाल्लेला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच मोजलं, ते २००० साली छापून आलं. एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला, विद्यार्थ्याला घालायची लाज वाटेल असा टी-शर्ट त्याला घालायला लावला आणि भरल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांनी ओळखलं असेल? त्यांचा अंदाज, निम्म्यांनी. प्रत्यक्षात ओळखलं होतं जेमतेम चौथ्या हिश्शाने. लोक बघतच नाहीत असं यातून निघत नाही. बघतात, पण आपल्या हिशोबाच्या निम्मंच. अण्णांच्या कोटाच्या बाबतीत तर तेवढंही नाही.

आपल्या सीमेवरच्या लोकांत ही भीती जरा जास्तच मुरलेली आहे असं माझं मत आहे. कचेरीत आधी उर्दू, १९५६ नंतर कन्नड, घरात मराठी, आणि पुण्याला गेलं की तीसुद्धा "तुमची मराठी वेगळी आहे हं" असं ऐकून घ्यायचं. कुठेही गेलं तरी अंगातला कपडा दुसऱ्याच्या मापाचा वाटतो. म्हणून आपण इस्त्रीला, बुटाला, मुलांच्या इंग्रजीला इतके जपतो. जपावं, पण त्यापायी माणूस बाहेर बाकावर बसवू नये. आणि हे मी कोणत्या तोंडाने सांगतोय ते वर लिहिलंच आहे.

याच बिदरच्या बादशहाकडे दामाजीपंतांचं धान्य भरायला विठोबा कसा आला, ती कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. विठू महार होऊन, खांद्यावर फाटकी घोंगडी. दारात उभं राहायची ज्याला बंदी, त्या वेषात. दरबाराने रक्कम मोजून घेतली आणि पावती दिली. बँकवाला म्हणून मला त्या कथेत पावती फार आवडते.

एक कामाची गोष्ट राहिली. स्वप्नात पाय उचलत नाही ते बरंच आहे, त्या टप्प्यात शरीर हातापायांना कुलूप लावतं. साठीनंतर कुणी झोपेत खरोखरच लाथा मारायला, ओरडायला, पलंगावरून पडायला लागलं, तर ते कुलूप सैल झालं असं समजा आणि मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. तिथं शनिवारचं तेल पुरणार नाही.

शर्टवाल्यांना मी परवा फोन केला. विचारलं, शर्ट कोणत्या रंगाचा असतो? बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खाकी. शाळेतला. मास्तरनं बाकावर उभं केलं होतं, फी भरली नव्हती म्हणून." मुलीच्या पैशाचं मी काढलं नाही. त्यांनीच काढलं, सोमवारी बँकेत जाणार म्हणाले.

तुम्हाला असं काही पडत असेल तर खाली लिहा. कोणता कपडा, कुठली जागा, आणि कोण बघत असतं. फळ लिहू नका.