नावाचे रोमन रूप: शुद्धता की स्थिरता?

मराठी व्यक्तिनामाचे देवनागरी रूप बहुधा एकच असते. रोमन लिपीत मात्र त्याच नावाची तीन-चार रूपे एकाच माणसाच्या निरनिराळ्या कागदांवर निर्वेधपणे नांदताना दिसतात. हिंगोली जिल्ह्यापुरते पाहायचे तर 'नामदेव' या नावाचे उदाहरण पुरेसे आहे, कारण संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे आणि हे नाव त्या परिसराच्या अंगवळणी पडलेले आहे. ते Namdeo, Namdev, Namadev आणि क्वचित Naamdev असेही लिहिले जाते. यांपैकी कोणते रूप शुद्ध, हा वाद बाजूला ठेवून कोणतेही एक रूप जन्मनोंदीपासून पारपत्रापर्यंत आणि ईमेलच्या पत्त्यातही अक्षरशः तेच राखले पाहिजे, असे येथे प्रतिपादन आहे.

या मताविरुद्धचा पहिला आक्षेप असा की, खरे नाव देवनागरीतले. रोमन रूप ही केवळ सोय असल्यामुळे त्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. दाखल्यासाठी याच जिल्ह्यातील वसमतकडे बोट दाखवता येईल. विधानसभा मतदारसंघाच्या नावात ते Basmath आहे, अन्यत्र Basmat किंवा Vasmat आहे, आणि तरीही गावाचे काही अडलेले नाही. परंतु हा दृष्टान्त आक्षेपकाच्याच विरुद्ध जातो. गावाला आपली ओळख पटवावी लागत नाही; माणसाला ती वारंवार पटवावी लागते, आणि अलीकडे ती पटवून घेणारा कारकून नसून संगणकातील अक्षरमाला असते. विद्यार्थ्याला बारा अंकी 'अपार' क्रमांक द्यावयाचा असतो, तेव्हा शाळेने यू-डायस प्रणालीत भरलेले नाव आधारवरील नावाशी ताडून पाहिले जाते. तेथे Namdev आणि Namdeo ही एका माणसाची दोन रूपे आहेत हे मुख्याध्यापकांना ठाऊक असले तरी प्रणालीला ते ठाऊक नसते. शिवाय रोमन रूप देवनागरीलाही बाधते. आधार नोंदणीत इंग्रजीत टंकलेल्या नावाचे मराठी रूप आज्ञावलीने आपोआप तयार होते आणि ते तपासून दुरुस्त करण्याचे काम चालकावर सोपवलेले असते, त्यामुळे लक्ष चुकले की 'नामदेओ' असे विचित्र रूप कार्डावर छापून येऊ शकते. मूळ देवनागरीत सुरक्षित आहे, हा विश्वास अशा वेळी टिकत नाही.

दुसरा पक्ष विद्वानांचा आहे आणि तो अधिक विचारणीय आहे. रूप एकच ठेवायचे असेल तर ते उच्चाराशी प्रामाणिक असावे, असे हा पक्ष म्हणतो. भारतीय शब्दांच्या रोमन लेखनाचा पद्धतशीर विचार विल्यम जोन्स यांनी 1788 मध्येच मांडला होता, पुढे हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत सरकारी व्यवहारात रूढ झाली, आणि 2001 मध्ये आयएसओ 15919 हे आंतरराष्ट्रीय मानकही आले, ज्यात दीर्घ स्वरावर आडवी रेघ देऊन Nāmadēva असे लिहिता येते. ग्रंथसूचीसाठी ही पद्धत उत्तमच आहे. पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचायची जी दोन ओळींची पट्टी असते, तिच्यात मात्र A ते Z ही अक्षरे, अंक आणि रिकामी जागा भरणारे < हे चिन्ह यांखेरीज काहीही बसत नाही. जाधव आडनावाच्या एका कल्पित नामदेवाची 44 स्थानांची पहिली ओळ अशी दिसेल:

```
P<INDJADHAV<<NAMDEO<VITTHAL<<<<<<<<<<<<<<<<<
```

आडव्या रेघेला येथे जागाच नाही. रेघ सोडून केवळ अक्षरांपुरती शुद्धता साधावी म्हटले, तर शेवटच्या 'व'साठी v हवा आणि म्हणून Namdeo हे रूप अशुद्ध, असा निष्कर्ष निघतो; पण तोच न्याय लावणारे लोक 'राव' हे Rao असेच लिहितात, Rav असे कोणी लिहीत नाही. शब्दान्तीच्या 'व'साठी o लिहिण्याची ही रूढी जुनी आहे, Vasudeo आणि Sahadeo ही रूपे तिचीच, आणि ती चूक नसून एक संकेत आहे. 'ज्ञानेश्वर'मधील 'ज्ञ'साठी मराठी माणूस dny लिहितो आणि उत्तरेकडील gy, तोही संकेतच. संकेतांमध्ये शुद्धाशुद्धाचा निवाडा होत नसतो. संकेत पाळला गेला की नाही, एवढेच पाहता येते.

तिसरा आक्षेप तरुणांचा आहे: हवे ते खातेनाव आधीच कोणीतरी घेतलेले असते, तेव्हा एखादे a वाढवण्यावाचून गत्यंतर नसते. (अंकशास्त्राच्या सल्ल्याने वाढवलेल्या a ला एवढेही निमित्त नसते.) अडचण खरी आहे, तिच्यावरील उपाय चुकीचा आहे. namdeo घेतलेले असेल तर नावाच्या आत हात न घालता बाहेर भर घालावी: namdeovjadhav, namdeo.hingoli किंवा जन्मवर्षाचे अंक. जीमेलसारख्या सेवेत मधल्या बिंदूला अर्थ नसतो, namdeo.jadhav आणि namdeojadhav हा एकच पत्ता ठरतो, तेव्हा बिंदूने वेगळेपण येईल ही आशाही व्यर्थ आहे. उलट namdevjadhav हा पत्ता तितक्याच वैधपणे दुसऱ्या कोणाचा तरी असू शकतो, आणि प्रवेशाचे पत्र त्याच्याकडे गेले तर ते परत येण्याची खात्री नसते.

आता मंडन. रूप ठरवण्याची वेळ दहावीचा अर्ज भरतानाची नसून जन्मनोंदीत नाव घालतानाची आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नोंदीनंतर बारा महिन्यांच्या आत बाळाचे नाव विनाशुल्क घालता येते, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशाला व पारपत्राला जन्मदाखलाच आधारभूत धरला जातो. नाव तोंडी सांगितले की लिहिणाऱ्याची सवय कागदावर उतरते; म्हणून देवनागरी आणि रोमन अशी दोन्ही रूपे मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी निबंधकाकडे, पुढे आधार केंद्रावर आणि पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी शाळेच्या जनरल रजिस्टरसाठी द्यावी, आणि छापील प्रत हाती घेण्यापूर्वी ती अक्षर अक्षर ताडावी.

निवड करताना एक गोष्ट मराठी नामपद्धतीमुळे विशेष महत्त्वाची ठरते. वरच्या ओळीत NAMDEO नंतर VITTHAL आले आहे, म्हणजे मुलाच्या पारपत्रात 'दिलेले नाव' या रकान्यात वडिलांचे नावही शिरले आहे. ते वडिलांच्या स्वतःच्या कागदांवर Vithal असेल, तर मुलाचे स्वतःचे नाव निर्दोष असूनही पितापुत्रांचे कागद जुळत नाहीत. आणि हाच नामदेव उद्या बाप झाला की त्याच्या नावाचे रोमन रूप पुढच्या पिढीच्या प्रत्येक दाखल्यावर मधल्या जागी जाऊन बसते. म्हणून बाळाच्या नावाबरोबर वडिलांच्या नावाचेही रूप त्यांच्या आधार व दहावीच्या प्रमाणपत्रावरून पाहून घ्यावे, आठवणीने सांगू नये.

नंतर बदलता येतेच, असे यावर कोणी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये जिज्ञा यादव प्रकरणात नावावरील अधिकार अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी जोडला, हे खरे. पण त्या अधिकाराची वाट कागदपत्रांमधूनच जाते. आधारवरील नाव आयुष्यात सर्वसाधारणपणे दोनदाच बदलता येते, आणि शाळा सोडल्यानंतर तिच्या नोंदीत दुरुस्ती मिळवणे फार जिकिरीचे होते. ज्यांचे कागद आधीच दुभंगले आहेत त्यांनी म्हणून आवडते रूप न निवडता बदलायला सर्वांत अवघड असलेल्या कागदावरचे रूप निवडावे, आणि तो कागद बहुधा दहावीचे प्रमाणपत्र असतो. त्यावर Namdev असेल तर घरात पिढ्यान्‌पिढ्या Namdeo चालत आले असले तरी आधार, पॅन आणि बँकखाते Namdev कडे वळवावे, आणि पारपत्राचा अर्ज ही जुळणी पूर्ण झाल्यावरच करावा. प्रमाणपत्रावरील रूपच बदलायचे असेल तर राज्य राजपत्रात नावबदलाची जाहिरात देण्याचा मार्ग उरतो. मात्र जाहिरात निघाल्याने जुने कागद आपोआप बदलत नाहीत, प्रत्येक कार्यालयात तिची प्रत घेऊन स्वतंत्र अर्ज करावा लागतो.