खोक्यातली बिलं

पारनेरच्या पेठेतल्या एका किराणा दुकानदाराची मुलगी या आठवड्यात बुटाच्या खोक्यातली वर्षभराची बिलं लावत बसली होती. आप्पा म्हणाले, तारखेप्रमाणे लाव. तिनं व्यापाऱ्यांच्या नावानं गठ्ठे केले. माझ्या मते तेच बरोबर, कारण व्यापाऱ्याचा खातेउतारा नावानंच येतो आणि त्याच्याशी ताडून पाहिलं की हरवलेलं बिल लगेच उघडं पडतं. नगरच्या तेलवाल्याच्या गठ्ठ्यात 18,400 रुपयांचं बिल निघालं, मागे आप्पांच्या पेन्सिलीत ‘रोख दिले’. तिचा चेहराच उतरला. धंद्याच्या खर्चापोटी एकाच व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांच्या वर रोख दिले, तर आयकराच्या हिशेबात ती सगळी रक्कम खर्च म्हणून धरत नाहीत. ‘‘आप्पा, एकदम दिलेत?’’ ‘‘छे गं, निम्मे सोमवारी, निम्मे गुरुवारी.’’ म्हणजे दोनदा 9,200, वाचले! पण आप्पांचा तोंडी सोमवार सीएंना कसा चालेल? तिनं तेलवाल्याकडून तारखेसह दोन्ही पावत्यांच्या प्रती मागवल्या. वाचकहो, पैसे दिल्याची तारीख बिलाइतकीच जपा. राहिली पेट्रोल पंपाची पांढरी पडलेली चिठोरी. तसल्या कागदाची यापुढे त्याच दिवशी झेरॉक्स काढायची, हे आप्पांनी कबूल केलंय.